सगळे ओळखीचे, पण सगळे एकाच पठडीतले

प्रश्न: "सोलापुरात माझं युनिफॉर्म शिवायचं युनिट आहे. वय एकेचाळीस. फोनमध्ये दीड हजार नंबर आहेत, धंद्याचे सात-आठ ग्रुप आहेत. पण नवीन काही करायचं म्हटलं की सगळीकडून एकच उत्तर येतं. माझ्या ओळखी माझ्यासारख्याच लोकांच्या झाल्यात का, हे कसं ओळखू? आणि गाव न सोडता वेगळ्या क्षेत्रातली, वयाची, शहरांतली माणसं कशी जोडू?"

दीड हजार नंबर बाजूला ठेवा, त्यातून काहीच कळत नाही. गेल्या सहा महिन्यांत अडल्यावर किंवा एखादा निर्णय घेण्याआधी तुम्ही खरोखर कोणाकोणाशी बोललात, ती नावं एका कागदावर लिहा. कापड कुठून घ्यायचं, बँकेचं लिमिट वाढवायचं का, कारागीर सोडून चालला तर काय करायचं, मुलाला कुठल्या शाखेला घालायचं, सगळं धरा. नावं आठवून लिहू नका, कॉलची यादी उघडून लिहा. आठवून लिहिताना माणूस हमखास मोठी नावं घालतो: आमदारांचा पीए, चेंबरचे पदाधिकारी, लग्नात भेटलेले कलेक्टर कचेरीतले साहेब. त्यांच्याशी आपण वर्षभरात एकदाही कामाचं बोललेलो नसतो.

साधारण बारा ते वीस नावं निघतात. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: काय करतात, अंदाजे वय, कुठे राहतात, आणि तुमची त्यांची ओळख कोणी करून दिली. पहिले तीन रकाने कोणालाही सुचतात. खरं बोलतो तो चौथा.

मी लहान कारखानदारांच्या विक्रीचं आणि माणसं जोडण्याचं काम बघते. तुमच्यासारख्याच एका युनिफॉर्मवाल्यांचा कागद सांगते, म्हणजे नीट कळेल. अक्कलकोट रोडला युनिट, शाळांचं काम, जानेवारी ते जून मान वर करायला फुरसत नाही आणि नंतर मशिनं निम्मी बंद. पावसाळ्यानंतरही काम चालावं म्हणून त्यांना दवाखान्यांच्या कपड्यांत उतरायचं होतं. कागदावर सोळा नावं आली. तेरा जण कापड, शिलाई, दोरा-बटण किंवा मशिन दुरुस्तीतले. चौदा जण सोलापुरातले, एक भिवंडीचा आणि एक हैदराबादचा, पण ते दोघेही नात्यातले आणि कापडातलेच. वयं बहुतेक चाळीस ते पन्नास. बाई एकही नाही, आणि हे अशा धंद्यात जिथे निम्म्याहून जास्त शिलाई बाया घरी बसून करतात! कुठल्या शाळेने यंदा पिनोफ्रॉकच्या जागी सलवार-कुडता आणला, हे त्या बायांना पोरींच्या दप्तरावरून मालकाच्या आधी कळलेलं असतं.

आता चौथा रकाना. सोळापैकी अकरा जणांची ओळख त्यांनी स्वतःच केलेली होती: शाळेत एकत्र, शेजारचं युनिट, एकाच भिशीत. ब्रायन उझी आणि शॅनन डनलॅप यांनी २००५ सालच्या एका लेखात व्यवस्थापकांसाठी एक ढोबळ माप दिलं होतं. महत्त्वाच्या माणसांपैकी ६५ टक्क्यांहून जास्त ओळखी तुम्ही स्वतःच केलेल्या असतील, तर तुमचं वर्तुळ आतल्या आत फिरत असण्याची शक्यता बरीच. इथे सोळांत अकरा, म्हणजे ६९ टक्के. कारण सरळ आहे. आपण आपण होऊन ज्याच्याशी बोलायला जातो तो बहुधा आपल्याच वयाचा, आपल्याच धंद्यातला किंवा रोज दिसणारा असतो. तिसऱ्याने गाठ घालून दिली तरच आपण जिथे कधी गेलो नसतो तिथे पोचतो. म्हणून या रकान्यात कोणाची नावं दोनदा-तीनदा येतात ते पाहा. ती तुमच्या वर्तुळाची दारं आहेत. आमच्या या गृहस्थांच्या कागदावर अशी दोनच दारं निघाली: एक विमा एजंट आणि एक निवृत्त बँक मॅनेजर.

दुसरी तपासणी पाच मिनिटांची आहे. यादीतली सगळ्यात जवळची पाच नावं घ्या. पाच जणांच्या दहा जोड्या होतात. किती जोड्या तुमच्याशिवायही एकमेकांना नीट ओळखतात, ते मोजा. सात-आठच्या वर गेलं तर तुम्हाला पाच माणसं नाहीत, एकच माणूस पाच आवाजांत बोलतोय असं समजा. आमच्या गृहस्थांच्या नऊ जोड्या निघाल्या.

यात नुकसान काय? तीन जणांनी सांगितलं की आपण ते पक्कं धरतो. पण त्या तिघांनी सकाळी एकाच ग्रुपवर वाचलेलं असतं. मोफत गणवेशाचंच घ्या. २०२४-२५ साठी शासनाने कापड एकत्रित खरेदी करून शिलाई महिला बचत गटांकडे द्यायचं ठरवलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. अशा वेळी युनिफॉर्मवाल्यांच्या ग्रुपवर बातमी शेवटी येते, आणि येते तीही अर्धी. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना कापड वेळेवर आलंय का, मापं चुकलीत का, पालक काय बोलतायत, हे डोळ्यांनी दिसत असतं. बचत गट चालवणाऱ्या ताईंना शिलाईचा दर परवडतोय की नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळतं. तुमच्या कागदावर असा एक मुख्याध्यापक आणि अशी एक ताई आहे का? गेल्या वर्षातल्या तुमच्या दोन-तीन मोठ्या निर्णयांसाठी हे करून पाहा: ती माहिती पहिल्यांदा कोणाकडून आली, आणि त्याला ती कोणाकडून आली? दोन पायऱ्या मागे गेल्यावर प्रत्येक वेळी तोच माणूस किंवा तोच ग्रुप सापडला, तर मग पुढची शंका नको.

पण याचा अर्थ जुनं वर्तुळ मोडा असा नाही. आपल्याकडे कापड उधारीवर येतं, आणि ती उधारी मिळते कारण सगळे एकमेकांना ओळखतात. कोणी पैसे बुडवले तर संध्याकाळपर्यंत अशोक चौकात कळतं. हा घट्टपणाच तुमचं तारण आहे. दहापैकी नऊ जोड्या ओळखीच्या असणं उधारीसाठी उत्तम आणि नव्या बातमीसाठी निकामी, दोन्ही एकाच वेळी. म्हणून सोळातले कोणी कमी करायचे नाहीत. बाहेरची चार-पाच माणसं वाढवायची, बस. वीस-पंचवीस वाढवायला गेलात तर एकही टिकणार नाही.

सुरुवात अनोळखी माणसापासून करू नका. प्रदर्शनं, क्लबचे मेळावे, कार्डं वाटणं, यांवर माझा फारसा विश्वास नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी अशाच एका मेळाव्यात लोकांच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावून कोण कोणाशी बोलतं ते टिपलं होतं. नवीन माणसं भेटावीत असं म्हणणारे लोकही प्रत्यक्षात ओळखीच्यांभोवतीच जास्त वेळ उभे राहिले. आपल्याकडे वेगळं काय होतं? जेवणाच्या रांगेत सोलापूरवाला सोलापूरवाल्यालाच शोधतो.

त्यापेक्षा सुटलेल्या ओळखी उचला. ज्यांच्याशी एकेकाळी चांगलं होतं पण तीनेक वर्षांत बोलणं नाही, अशी माणसं. लेव्हिन, वॉल्टर आणि मर्निगन या संशोधकांनी २०११ साली हेच तपासलं. कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांना कामातल्या एका अडचणीवर अशा जुन्या ओळखीच्या लोकांचा सल्ला घ्यायला लावला, तेव्हा तो सल्ला नवाही निघाला आणि उपयोगीही. मधल्या वर्षांत तो माणूस वेगळ्या जगात वावरलेला असतो, आणि जुना विश्वास मात्र शिल्लक असतो. दयानंद किंवा वालचंदला तुमच्या बाकावर बसणारा आज काय करतो? तुमच्याकडे दोन वर्षं हिशेब लिहून नंतर दुसऱ्या नोकरीला लागलेली मुलगी कुठे आहे? अशा सात-आठ नावांची वेगळी यादी करा, आणि त्यातून कोणाला फोन करायचा हे 'कोण मोठा झाला' यावर ठरवू नका. तुमचा माल जिथे जातो, वापरला जातो, धुतला जातो, फाटतो, त्या वाटेवर कोण उभं आहे, यावर ठरवा.

आमच्या गृहस्थांना दवाखान्याचे कपडे करायचे होते. त्यांच्या सोळा जणांनी सोळा वेळा एकच सांगितलं: "दवाखान्यात रेट चालतो, बाकी काही नाही." मग त्या विमा एजंटाला विचारलं की दवाखान्यात डॉक्टर सोडून तुम्ही कोणाला ओळखता. त्यांनी एका मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीचे सुपरवायझर गाठून दिले. अर्ध्या तासाचं काम होतं. त्या माणसाने तीन कपडे टेबलावर टाकले. पहिल्याचा निळा रंग खिशाभोवती आणि गळ्याशी उडालेला, कारण रक्ताचे डाग पडलेले कपडे हायपोच्या, म्हणजे क्लोरिनच्या ब्लीचच्या पाण्यातून काढावे लागतात. दुसऱ्या पायजम्याची नाडी मशिनमध्ये निघून गेलेली. ती परत ओवायला माणूस बसवावा लागतो. तिसऱ्याचं साइजचं लेबल धुऊन कोरं झालेलं, त्यामुळे रोज सकाळी गठ्ठ्यातून मीडियम शोधताना सिस्टर लोकांची चिडचिड. ते म्हणाले, "खरेदीवाले रेट बघतात हे खरं आहे. पण माल परत कोणाचा पाठवायचा, हे मी सांगतो."

ही माहिती सोळा जणांपैकी कोणाकडेच नव्हती. त्यांनी ती लपवली नव्हती, त्यांच्या वाटेवर ती येतच नव्हती.

रंगाचं कोडं उरलं. इथे वयाचा रकाना कामाला आला. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडल्या, तरी तिथे डाइंगमध्ये आयुष्य काढलेली माणसं अजून गावात आहेत, सत्तरीच्या पुढची. निवृत्त बँक मॅनेजरांच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर असे एक जण निघाले. त्यांनी कापडाचा तुकडा हातात घेऊन विचारलं, हा रिअ‍ॅक्टिव्हचा रंग का? सुती भागाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग असेल तर क्लोरिनमध्ये तो बहुधा टिकत नाही. व्हॅटचा रंग घ्या, महाग पडेल, पण हायपोत तग धरेल. आणि गिरणीवाल्याच्या शब्दावर जाऊ नका, वीतभर तुकडा कापून लाँड्रीतल्याच पाण्यातून वीस वेळा काढा आणि मूळ तुकड्याशेजारी ठेवून बघा. नाडीला मागच्या बाजूला मधोमध टाका मारा. साइजचं लेबल सोडून द्या, गळ्याच्या पट्टीलाच साइजप्रमाणे वेगळा रंग लावा, ही शेवटची सूचना मात्र आमच्या गृहस्थांच्या पंचविशीतल्या पुतणीची, जी फिजिओथेरपीची इंटर्नशिप करताना असे कपडे रोज घालत होती. पुतणी घरातलीच. तिला धंद्यातलं काही विचारायचं असतं, हे आजवर सुचलंच नव्हतं.

वयाबाबत एक सांगते. मोठ्या माणसाकडे गेलं की आपण आशीर्वाद मागतो आणि लहानाकडे गेलं की मोबाइल दुरुस्त करून घेतो. दोघांनाही त्यांच्या कामातला नेमका प्रश्न विचारला पाहिजे. "काका, मार्गदर्शन करा" म्हटलं की तासभर आठवणी निघतात. तुकडा हातात दिला की दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

शहराच्या रकान्यात सगळ्यात जास्त फसगत होते. पुण्यात हडपसरला राहणारा तुमचा मावसभाऊ आणि तिथला सोलापूरकरांचा ग्रुप हे पुण्याचं वर्तुळ नव्हे, सोलापूरचंच आहे, फक्त हुतात्मा एक्स्प्रेसने गेलेलं. भिवंडी, सुरत, हैदराबादच्या नातेवाइकांचंही तेच. तो मावसभाऊ दार म्हणून उत्तम आहे; त्याला सांगायचं, "तुझ्या ऑफिसात सोलापूरचा नसलेला आणि खरेदी बघणारा कोणी असेल तर गाठ घालून दे." दुसरं म्हणजे आपण सगळे पुणे-मुंबईकडे तोंड करून बसलोय. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत विजयपूर आणि कलबुर्गी आहे, तिथले पेशंट रोज सोलापूरच्या दवाखान्यांत येतात, आणि आपल्या गावात निम्म्या बाजारपेठेला कानडी येतं. तरी किती कागदांवर कलबुर्गीचं एखादं नाव असतं? आमच्या गृहस्थांना त्या लाँड्रीवाल्यांनीच कलबुर्गीच्या एका दवाखान्याच्या स्टोअरकीपरशी जोडून दिलं. तिथे मापंच वेगळी लागतात असं कळलं, आणि खरेदीचा महिनाही वेगळा.

पहिला मेसेज कसा लिहायचा, यावर लोक अडतात. मी हा नमुना देते: "नमस्कार सर, मी अमुक, सोलापूरला युनिफॉर्म शिवतो. आपला नंबर तमुक यांनी दिला. दवाखान्याच्या कपड्यांत धुलाईनंतर नेमकं काय खराब होतं, एवढंच समजून घ्यायचं आहे. ऑर्डर मागायला येत नाही. वीस मिनिटं कधी सोयीची?" ओळख कोणामार्फत, प्रश्न एकच, वेळ किती. आणि ऑर्डर मागणार नाही असं लिहिलंत तर खरंच मागू नका, त्या भेटीत तरी नाहीच.

उठताना विचारा, "याच विषयावर तुमच्याशी न पटणारं कोणी आहे का, ज्यांच्याशी मी बोलावं?" नुसतं "आणखी कोणाशी बोलू" म्हटलं की तो माणूस आपल्यासारखाच दुसरा देतो, आणि तुम्ही एका बंद खोलीतून दुसऱ्या बंद खोलीत जाता.

मग येते ती पायरी, जी जवळजवळ सगळे गाळतात. तीन-चार आठवड्यांनी त्या माणसाला कळवा की त्याचं ऐकून तुम्ही काय केलं. "सर, नाडीला टाका मारून वीस धुण्या करून बघितल्या, निघाली नाही. फोटो पाठवतोय." एवढंच. सल्ला देणाऱ्याला आपल्या सल्ल्याचं पुढे काय झालं हे क्वचितच कळतं, म्हणून असा मेसेज लक्षात राहतो. सणाला शुभेच्छांची चित्रं पाठवून ओळख टिकत नाही. तो नंबर म्यूट होतो. वर्षातून तीन-चार वेळा कामाची एखादी गोष्ट कळवली तरी पुरे, आणि जमेल तेव्हा त्यांचं काही काम करा. त्या लाँड्रीवाल्यांना चादरी शिवून देणारी बाई हवी होती, ती यांनी दिली.

मर्यादाही लक्षात घ्या. लिंक्डइनवर दोन कोटी लोकांच्या ओळखींवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. नोकरी बदलायला घट्ट ओळखींपेक्षा सैल ओळखी जास्त कामी आल्या, पण अगदीच पातळ ओळखी तितक्या नाही. मधल्या सर्वांत उपयोगी. म्हणजे काही माणसं दोघांच्याही ओळखीची असावीत, सगळी नसावीत. शिवाय हा परिणाम संगणकावर जास्त चालणाऱ्या उद्योगांत दिसला. जिथे तसं काम कमी, तिथे घट्ट ओळखीच वरचढ ठरल्या. आपला धंदा बराचसा दुसऱ्या गटातला आहे. त्यामुळे नवी माणसं बातमी, चूक दाखवणं आणि पुढची ओळख यासाठी धरा. उधारी, भागीदारी, जामीन या गोष्टी त्यांच्यावर टाकू नका, आणि त्यांनी तुमच्यावर टाकल्या तर घाई करू नका. नव्या ओळखीतून आलेल्या पहिल्या मोठ्या ऑर्डरवर निम्मे पैसे आगाऊ घ्या; जुन्या वर्तुळात जो धाक चालतो तो कलबुर्गीत चालत नाही.

सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा करा. जोड्या मोजताना पाचांत एक-दोन नवी नावं आपोआप आली पाहिजेत. आमच्या गृहस्थांच्या दहापैकी सहा जोड्या उरल्या. त्याहून चांगली खूण म्हणजे कोणीतरी तुम्हाला ठामपणे "हे चुकतंय" म्हणालं आणि त्याचं कारण तुम्हाला आधी माहीत नव्हतं. नवी माणसं आली, पण सगळी हो-ला हो म्हणतायत, तर रकाने बदललेत, वर्तुळ नाही.

आणि सात-आठ ग्रुपांचं विचारलंत म्हणून: ते सोडू नका, पण बातमी तिथे वाचली की त्या दिवशी फोन ग्रुपमधल्या माणसाला न करता नव्या यादीतल्या एकाला करा. चार-पाच जणांपैकी दोघे उत्तर देणार नाहीत. त्यांना महिन्याभराने एकदा आठवण करा, मग नाव खोडा आणि ज्याने गाठ घालून दिली होती त्याच्याकडे दुसरं मागा.